कथेचा शेवट उपदेशाकडे का घसरतो

प्रश्न : मी ऐरोलीत राहतो आणि अलीकडे कथा लिहू लागलो आहे. नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीचा पुनर्विकास आणि त्यावरून दोन भावांत आलेला दुरावा, अशी माझी सुमारे तीन हजार शब्दांची कथा आहे. फ्लॅट आईच्या नावावर आहे, धाकटा श्रीकांत तिच्याजवळ राहतो. थोरला विनायक नॉमिनेशनच्या अर्जावर एकट्याचे नाव लावून आईची सही घेतो आणि शेवटी त्याला पश्चात्ताप होतो. ज्यांनी वाचली ते सगळे म्हणतात की शेवट उपदेशासारखा वाटतो. शेवटचा परिच्छेद काढून पाहिला, तर कथा मध्येच तुटल्यासारखी वाटते. काय करावे? तो परिच्छेद असा आहे : ‘त्या रात्री विनायकला झोप आली नाही. चौरस फुटांचा हिशेब करता करता आपण माणसांचा हिशेब विसरलो, हे त्याला उमगले. घर भिंतींचे नसते, नात्यांचे असते. पैसा आज आहे, उद्या नाही. पण तुटलेले नाते पुन्हा जोडता येत नाही.’

उत्तर :

परिच्छेद काढल्यावर कथा तुटल्यासारखी वाटते, ही आपण दिलेल्या माहितीतली सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. त्या परिच्छेदावर दोन कामे पडलेली आहेत. एक म्हणजे तात्पर्य सांगणे आणि दुसरे म्हणजे विनायकमध्ये बदल घडवणे. हा बदल कथेत दुसरीकडे कुठेही घडत नाही. तो रात्री, अंथरुणात, कोणी पाहत नसताना आणि कोणी उत्तर देऊ शकत नसताना घडतो. परिच्छेद खोडला की तात्पर्याबरोबर बदलही जातो, म्हणून कथा लंगडी पडते. नुसते खोडून हा प्रश्न सुटणार नाही. बदल मागे, माणसे समोरासमोर असलेल्या प्रसंगात न्यावा लागेल, आणि तो तिथे नीट रुजला की शेवटच्या परिच्छेदाला करण्यासारखे काही उरणार नाही.

तेच वाक्य एके ठिकाणी उपदेश वाटते आणि दुसऱ्या ठिकाणी वाटत नाही. ‘घर भिंतींचे नसते’ हे वाक्य कथेच्या मध्यावर आईने म्हटले असते आणि त्यावर श्रीकांतने ‘भिंतीला ओल आलीय ती मात्र भिंतीचीच आहे’ असे उत्तर दिले असते, तर वाचकाला ते दोन माणसांमधले बोलणे वाटले असते. शेवटच्या परिच्छेदात मात्र कोणी पात्र उत्तर द्यायला शिल्लक नसते. तिथे लेखक आणि वाचक असे दोघेच उरतात आणि लेखक बोलत असतो. आपल्याकडच्या नारदीय कीर्तनाने ही अडचण फार पूर्वी वेगळ्या रीतीने सोडवली आहे. पूर्वरंगात अभंगाचे निरूपण उघडपणे करायचे आणि उत्तररंगात आख्यान लावायचे, त्यामुळे श्रोता आख्यानाला बसतो तेव्हा बोध आधीच हातात असतो आणि कोणालाही फसल्यासारखे वाटत नाही. आधुनिक कथेत हा करार नसतो. तिथे वाचकाला तीन हजार शब्द ‘काय होते ते पाहू या’ असे सांगून नेलेले असते, आणि शेवटी त्याला कळते की सगळे एका सुविचारासाठी चालले होते.

आता आपल्या परिच्छेदातला दावा पाहू. ‘नाते पैशापेक्षा मोठे’ या विधानाला नौपाड्यातला किंवा घोडबंदर रोडवरचा एकही माणूस नाही म्हणणार नाही, अगदी विनायकसुद्धा नाही. ज्याला कोणी नाही म्हणत नाही, त्यावर कथा उभी राहत नाही. आपल्या कथेतले खरे भांडण याहून खूप अरुंद आहे आणि म्हणून खूप चांगले आहे : आईजवळ राहिलेल्याचा हक्क किती, आणि आईसाठी पैसे मोजलेल्याचा किती? हा प्रश्न एका कागदावर लिहून समोर ठेवा. तो कथेत कुठेही लिहायचा नाही. मात्र प्रत्येक प्रसंग वाचताना त्या प्रश्नाची कोणती बाजू जड होते, हे पाहत जा. आपल्या सध्याच्या खर्ड्यात एकच बाजू जड होत जाते, कारण विनायक पहिल्या पानापासून लोभी आहे. तो टॉवरमध्ये राहतो, मोठी गाडी चालवतो, चहा पिताना फोनवर बिल्डरशी बोलतो. एवढे दाखवल्यावर त्याचा शेवट ठरलेलाच असतो आणि वाचक फक्त वाट पाहत बसतो.

म्हणून पहिली दुरुस्ती शेवटाची नव्हे, विनायकची. त्याला त्याचे म्हणणे मांडू द्या आणि ते खरे असू द्या. आईच्या अँजिओप्लास्टीचा खर्च त्याने केला. इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीची वर्गणी निघाली तेव्हा आईच्या वाट्याची रक्कम त्याने भरली. श्रीकांतचे वागळे इस्टेटमधले वर्कशॉप बंद पडले तेव्हापासून घराचे वीजबिलही तोच भरतो. या सगळ्याच्या पावत्या त्याने एका फाइलमध्ये लावून ठेवल्या आहेत, तारखेप्रमाणे. त्यात दाखवून देण्याची खोड नाही, तो माणूसच तसा आहे. श्रीकांत घरभाडे देत नाही, वेळेवर उठत नाही, आलेली दोन कामे त्याने सोडली आहेत. निदान चार-पाच पाने वाचकाला मनातून वाटले पाहिजे की विनायकचे काय चुकले? वाचक त्याच्या बाजूने काही अंतर चालून गेलेला असला, तरच पुढे त्याला अडखळल्यासारखे होईल. लेखकाने आधीच त्याच्याकडे बोट दाखवले, तर वाचकाला करण्यासारखे काही उरत नाही.

दुसरी गोष्ट, आपल्या खर्ड्यात सर्वांत मौल्यवान प्रसंग एका वाक्यात उरकला आहे : ‘विनायकने अर्जावर आईची सही घेतली आणि तो सोसायटीत देऊन टाकला.’ गृहनिर्माण संस्थांचा नामनिर्देशनाचा नमुना आपण पाहिला असेलच, नसेल तर एखाद्या संस्थेच्या उपविधींमागे जोडलेला मिळेल, तो हातात घेऊन पाहा. अर्ज तीन प्रतींत भरतात. त्यात नॉमिनीचे नाव, पत्ता, सभासदाशी नाते आणि प्रत्येकाच्या हिश्श्याची टक्केवारी असे रकाने असतात. खाली सभासदाची सही आणि त्याखाली दोन साक्षीदारांच्या सह्या. आणखी एक गोष्ट बहुतेक सोसायट्यांतले सभासद ऐकून असतात : नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आईच्या पश्चात शेअर सर्टिफिकेटवर नाव लागले, तरी वारसांचा हक्क त्यामुळे आपोआप जात नाही. हे आपल्या कथेच्या पथ्यावर पडणारे आहे. या कागदाने घराचा अंतिम निकाल लागत नसेल, तर टक्केवारीच्या रकान्यात कोणी कोणता आकडा लिहिला, याला निराळेच महत्त्व येते. फक्त हे स्पष्टीकरण एखाद्या वकील पात्राच्या तोंडी घालू नका. सेक्रेटरीने जाता जाता ‘नॉमिनी म्हणजे मालक नाही हां, नंतर माझ्या नावाने ओरडू नका’ म्हणावे आणि विनायकने ‘माहीत आहे’ म्हणावे, एवढे पुरे.

दोन साक्षीदार लागतात, ही बाब आपल्याला प्रसंग देते. एक शेजारी मिळाला आणि दुसरा मिळाला नाही, तर काय होईल? घरात आणखी एक सज्ञान माणूस आहे. मी तो प्रसंग कच्चा लिहून दाखवतो. हा आपण जसाच्या तसा घ्यावा असे माझे म्हणणे नाही. भार कुठे टाकायचा एवढे दिसावे म्हणून लिहितो.

‘जोशीकाकांनी तिन्ही प्रतींवर पहिल्या साक्षीदाराच्या जागी सही केली आणि नातवाला क्लासहून आणायचे म्हणून ते उठले. समोरच्या फ्लॅटला कुलूप होते. विनायकने घड्याळ पाहिले. सोसायटीचे ऑफिस साडेआठला बंद होई.

“श्री, तू कर ना.”

श्रीकांत आईच्या गोळ्यांची डबी भरत होता. आठवड्याचे सात खण, सकाळ-संध्याकाळ. शुक्रवारचा खण झाकून त्याने हात पँटला पुसले आणि अर्ज पुढे ओढला. हिश्श्याच्या रकान्यात शंभर लिहिले होते.

“कुठे?”

“इथे. आणि मागच्या दोन्हींवर.”

पहिल्या प्रतीवर पेन उमटेना. श्रीकांतने ते पेपरच्या कडेला गिरवून पाहिले, मग उठून फ्रिजवरचे दुसरे पेन आणले. तिन्ही सह्या झाल्या.

“पत्ता पण लिहायचा?”

“हो, साक्षीदाराचा पत्ता लागतो.”

श्रीकांतने पत्ता लिहिला. वर आईच्या नावापुढे होता तोच, फ्लॅट नंबरापर्यंत तोच.’

या प्रसंगात कोणीही नात्याविषयी बोललेले नाही. विनायकने काही दुष्टपणा केलेला नाही; त्याला ऑफिस बंद व्हायच्या आत पोहोचायचे आहे आणि समोर एक सही करू शकणारा माणूस बसला आहे. त्याने ती सही मागितली, यात वाचकाला जे वाटायचे ते वाटते. श्रीकांतने शंभर हा आकडा पाहिला, हे एका वाक्यात सांगितले आहे; पाहून त्याला काय वाटले, हे कुठेही नाही. त्याऐवजी त्याच्या हातात पेन दिले आणि ते उमटू दिले नाही. इथे नवा लेखक बहुतेक वेळा एक वाक्य वाढवतो : ‘क्षणभर त्याचा हात थांबला.’ ते वाक्य टाळा. हात थांबला असे लिहिले की आपण वाचकाच्या खांद्यावर थाप मारून ‘इथे लक्ष द्या’ म्हणतो. पेन खरोखरच उमटत नव्हते, आणि उठून दुसरे पेन आणायला जाणाऱ्या माणसाला सही टाळायची होती की करायची होती, हे वाचकाने ठरवावे.

माझ्याही खर्ड्यात एक दोष ठेवला आहे, तो दाखवतो. शेवटचे वाक्य दोनदा तेच सांगते. ‘वर आईच्या नावापुढे होता तोच’ एवढ्यावर काम होते. ‘फ्लॅट नंबरापर्यंत तोच’ हा त्यावर मारलेला शिक्का आहे. लिहिताना तो आपोआप येतो, कारण मुद्दा पोहोचला की नाही याची लेखकाला धास्ती असते. दुसऱ्या हाताला असे शिक्के शोधून पुसायचे असतात. आपला शेवटचा परिच्छेद हाही असाच एक शिक्का आहे, फक्त तो पस्तीस शब्दांचा झाला आहे इतकेच.

हा प्रसंग कथेत साधारण दोन-तृतीयांश अंतरावर यावा, म्हणजे तीन हजारांच्या कथेत दोन हजार शब्दांच्या आसपास. त्याच्या आधी विनायकची बाजू भरभक्कम झालेली असेल आणि त्याच्यानंतर त्याला काही करायला जागा उरेल. तो अगदी शेवटी ठेवला, तर तोच धक्का देणारा शेवट होतो आणि विनायकचा प्रश्न तसाच राहून जातो. खूप आधी ठेवला, तर पुढचे सगळे पश्चात्तापाचे वर्णन होऊन बसते.

यानंतर विनायकने काय करावे? इथे तीन वाटा समोर येतात आणि तिन्ही उपदेशाकडेच जातात. पहिली शिक्षेची : आई त्याच रात्री जाते, किंवा बिल्डर पळून जातो, किंवा विनायकचा स्वतःचा मुलगा पुढे त्याच्याशी तसाच वागतो. शब्दात उपदेश नसला, तरी घटनांनी तोच केलेला असतो, आणि मला तर हा प्रकार उघड सुविचारापेक्षा जास्त खटकतो, कारण त्यात लेखक न्यायाधीश होऊन बसतो आणि वर निष्पाप असल्याचे दाखवतो. बिल्डर पळून जाणे हे ठाण्यात घडतच नाही असे नाही. पण कथेत तो विनायकला धडा शिकवण्यासाठी पळत असेल, तर ते घडणे खोटे आहे. दुसरी वाट समेटाची : विनायक अर्ज फाडतो, भाऊ गळ्यात पडतात, आई डोळे पुसते. तिसरी वाट आजकाल सर्वांत लोकप्रिय आहे, कारण ती सुसंस्कृत दिसते. सुविचार काढून त्याच्या जागी एखादे चित्र ठेवायचे : विनायक तलावपाळीवर जाऊन बसतो, मासुंद्याच्या पाण्यात दिव्यांची प्रतिबिंबे थरथरतात, आणि कथा संपते. पाणी थरथरले म्हणजे विनायकही थरथरला, हे वाचकाने ओळखायचे. हे तात्पर्यच आहे, फक्त ते बोलण्याऐवजी उसासे टाकते. प्रसंगात आधी काहीच न घडलेली वस्तू शेवटच्या ओळीत येऊन गंभीर होत असेल, तर ती बहुधा अशी भाडोत्री वस्तू असते.

या तिन्ही वाटांऐवजी विनायकला एक लहानशी कृती द्या, जिचे त्याला काही मोल द्यावे लागेल आणि जी दोन रीतींनी वाचता येईल. मी सुचवतो तो शेवट असा :

‘विनायक परत आला तेव्हा ताटे मांडलेली होती.

“दिला का रे अर्ज?” आईने विचारले.

“सेक्रेटरी नव्हता.”

श्रीकांतने त्याच्या ताटात भाकरी वाढली. “नव्हता? आत्ता तर खालून ओरडत होता, टँकर आलाय म्हणून.”

“मी गेलो तेव्हा नव्हता.”

“मग उद्या?”

“उद्या रविवार. सोमवारी बघू.”

“सोमवारी तुला ऑफिस असेल,” श्रीकांत म्हणाला. “ठेवून जा. मी देतो.”’

विनायक खोटे बोलला, एवढेच इथे घडले आहे. पण ज्या माणसाकडे आतापर्यंत प्रत्येक गोष्टीची पावती होती, त्याच्याकडे पहिल्यांदाच एका गोष्टीची पावती नाही. त्याने अर्ज दिला नाही, याला पश्चात्ताप म्हणा, लाज म्हणा किंवा नुसती चालढकल म्हणा. अर्ज सह्यांसकट त्याच्या बॅगेत आहे आणि सोमवारी तो देता येतो. आणि शेवटचा प्रस्ताव श्रीकांतकडून आला आहे. तो साधेपणाने म्हणाला की भावाला कोंडीत पकडण्यासाठी म्हणाला, हे मी ठरवलेले नाही आणि आपणही ठरवू नये. दोन्ही अर्थांनी संवाद चालला पाहिजे; एकाच अर्थाने चालत असेल, तर त्यातले एखादे विशेषण किंवा क्रियाविशेषण जास्त झाले आहे असे समजावे. ‘श्रीकांत शांतपणे म्हणाला’ असे लिहून पाहा, म्हणजे लगेच ध्यानात येईल : तो ‘शांतपणे’ संत होऊन बसतो.

विनायकचे नेमके काय झाले, हे उघडे ठेवायचे म्हणजे घटना धूसर ठेवायच्या, असा गैरसमज करून घेऊ नका. तो ऑफिसपर्यंत गेला, सेक्रेटरी तिथे होता आणि त्याने अर्ज दिला नाही, या तीन गोष्टींबद्दल वाचकाच्या मनात शंका राहता कामा नये. त्यासाठी मधला छोटा प्रसंग लागेल : विनायक जिना उतरतो, ऑफिसचे दार उघडे आहे, सेक्रेटरी मान वर न करता ‘या, तीन प्रती आहेत ना?’ विचारतो, मालक-नॉमिनीचे ते वाक्य बोलतो, आणि विनायक ‘माहीत आहे’ म्हणून मेंटेनन्सबद्दल काहीतरी विचारून बाहेर पडतो. बॅगेची चेन तो उघडतच नाही. त्याच्या मनात काय चालले आहे, ते इथेही सांगायचे नाही. काय घडले ते लख्ख असावे आणि का घडले ते मोकळे असावे. पुष्कळ कथा नेमके याच्या उलट करतात.

आता हा शेवट पेलण्यासाठी मागे तीन गोष्टी पेराव्या लागतील. पावत्यांची फाइल, ऑफिसची वेळ आणि सेक्रेटरीचा मोठा आवाज, आणि गोळ्यांची डबी. प्रत्येक गोष्ट मागे एकदा, फार तर दोनदा यावी, आणि यावी ती वापरात. फाइल पहिल्या पानावर विनायकने उघडावी ती श्रीकांतला ऐकवायला नव्हे, तर हॉस्पिटलच्या जुन्या बिलावरून डॉक्टरांना औषधाचे नाव सांगायला. तिथे ती खरोखर उपयोगी पडावी. डबी आधी एकदा आईच्या हातून सांडलेली असावी, म्हणजे ती श्रीकांत भरतो हे वाचकाला कळते आणि ‘श्रीकांत आईची सेवा करी’ हे वाक्य लिहावे लागत नाही. सेक्रेटरीचा आवाज तर विनोदासाठी येऊ द्या. त्याच्या आवाजाने जिन्यातली मांजरे पळतात वगैरे. विनोदाने आलेली गोष्ट पुढे पुरावा म्हणून उभी राहिली की वाचक सावध नसतो. मात्र फाइल चौथ्यांदा, डबी पाचव्यांदा आली आणि प्रत्येक वेळी कॅमेरा तिच्यावर थांबला, तर ती वस्तू न राहता प्रतीक होते, आणि आपण पुन्हा जिथून निघालो तिथेच पोहोचतो.

हे सगळे केल्यावरही उपदेश दुसऱ्या दाराने आत येतो, म्हणून काही जागा तपासायच्या. सर्वांत धोक्याचे पात्र म्हणजे शहाणा शेजारी. आपल्या खर्ड्यात जोशीकाका दोनदा म्हणतात की ‘हल्ली लोकांना घर हवे, घरातली माणसे नकोत.’ हे काका कथेत फक्त बोलायला आले आहेत. त्यांना स्वतःचे काही नको आहे. माझ्या खर्ड्यात ते सही करतात आणि नातवाला आणायला जातात, एवढेच. त्यांनी शंभरचा आकडा पाहूनही सही केली, हे न बोलताही राहते, आणि त्यांच्या दोन्ही सुभाषितांपेक्षा ते अधिक बोलके आहे. मग शीर्षक. आपण कथेला ‘नात्यांची वास्तू’ असे नाव दिले आहे. शेवट कितीही सावरला, तरी या नावाने निकाल पहिल्या ओळीच्या आधीच जाहीर होतो. ‘दुसरा साक्षीदार’ किंवा नुसते ‘तीन प्रती’ असे काही चालेल. आणि शेवटच्या पानावर क्रियापदांवर नजर टाका : उमगले, जाणवले, कळून चुकले, डोळ्यांसमोरून तरळून गेले. या क्रियापदांचा कर्ता पात्र असला, तरी बोलणारा बहुधा लेखक असतो.

दुरुस्त केलेली कथा दोन-तीन माणसांना वाचायला द्या, पण ‘कथेतून काय समजले?’ असे विचारू नका. तो प्रश्न ऐकला की माणूस शाळेत जाऊन बसतो आणि तात्पर्य शोधून आणतो. ‘काय झाले ते सांगा’ एवढेच म्हणा आणि ते कोणता प्रसंग सविस्तर सांगतात, ते ऐका. सहीचा प्रसंग त्यांनी आपणहून सांगितला, तर भार योग्य ठिकाणी पडला आहे. विनायक बरोबर की चूक, यावर त्यांच्यात वाद झाला, तर उत्तमच. सगळ्यांनी एकाच वाक्यात ‘लोभ वाईट’ असे सांगितले, तर विनायकची बाजू अजून कमी पडते आहे. आणि अर्ज दिला की नाही, यावरच त्यांचा घोळ झाला, तर ऑफिसच्या प्रसंगातली माहिती सुधारा; तो घोळ घालवण्यासाठी शेवटी स्पष्टीकरण जोडण्याचा मोह होईल, तो टाळा.

एक मर्यादा सांगायला हवी. लेखकाने कधीही विचार उघड बोलूच नये, असा नियम मी मानत नाही. प्रथमपुरुषी निवेदक बऱ्याच वर्षांनी मागे वळून सांगत असेल, तर तो मते देणारच, आणि त्याने ती द्यावीत. ती मते त्याची आहेत, अपुरी आहेत, कदाचित सोयीची आहेत, हे वाचकाला घटनांवरून ताडून पाहता आले म्हणजे झाले. आपली कथा विनायकने स्वतः सांगितली असती आणि शेवटी तो म्हणाला असता की ‘मी त्या दिवशी अर्ज दिला नाही, कारण मला नेहमीच श्रीची काळजी होती,’ तर हे उघड विधान असूनही उपदेश ठरले नसते, कारण वाचकाने फाइल पाहिलेली आहे आणि शंभरचा आकडाही पाहिलेला आहे. श्रीकांतकडे निवेदन दिले, तर मात्र सहीचा प्रसंग अवघड होईल. आकडा पाहून आपल्याला काय वाटले, हे त्याला ठाऊक असणार आणि ते न सांगणे लपवाछपवीसारखे दिसेल. मग त्याला त्या क्षणी पेनाविषयीच बोलू द्यावे लागेल : कोणत्या कंपनीचे होते, किती दिवस चालले, फ्रिजवर दुसरे कोणी ठेवले होते. माझे मत विचाराल, तर आपण सध्या आहे तसे तृतीयपुरुषी निवेदनच ठेवावे, विनायकच्या जवळ राहून, पण त्याच्या मनात न शिरता. आणि पुढचा खर्डा शेवटापासून न लिहिता डबी सांडण्याच्या प्रसंगापासून लिहायला घ्यावा.